नवरात्राचे नऊ दिवस आणि बारवरचं वजन

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. गावाच्या नावातच रेणुकाई आहे, त्यामुळे नवरात्रातले उपवास इथे घरोघरी असतात. काही जण फक्त उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस धरतात. काही जण नऊही दिवस फराळावर राहतात, काही धान्यफराळ करतात, तर काही दिवसातून एकदाच, संध्याकाळच्या आरतीनंतर खातात. याच दिवसांत मिरचीचा हंगामही सुरू असतो. दिवसभर बाजारात पोत्यांची चढ-उतार करायची आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन बारखाली उभं राहायचं, असा अनेक तरुणांचा दिनक्रम असतो. घटस्थापनेच्या आसपास जिममध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो: "दादा, नऊ दिवस उपवास आहे. वजन कमी करू, की जिमच बंद ठेवू?"

वजन थोडंसंच कमी करावं, सेट मात्र भरपूर कमी करावेत आणि व्यायामाची वेळ खाण्याच्या वेळेला बांधून घ्यावी, एवढंच याचं उत्तर आहे. बरेच जण नेमकं उलट करतात. बारवर निम्मंच वजन ठेवतात आणि भरपाई म्हणून सेट वाढवतात, दम लागेपर्यंत मारत राहतात. उपवासात शरीराला जे सर्वांत जड जातं, तेच ते करत असतात.

साठा कुठे असतो?

आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांची साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी साठवतं. यकृतात साधारण 80 ते 100 ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून 300 ते 500 ग्रॅम. यकृताचा साठा रक्तातली साखर टिकवण्यासाठी असतो. रात्रभर काही न खाल्लं तर सकाळपर्यंत तो बराच उतरतो आणि पूर्ण दिवस उपाशी राहिल्यास जवळजवळ संपतो. स्नायूंचा साठा वेगळ्या प्रकारे वागतो. तो ज्या स्नायूत आहे तिथेच वापरला जातो, रक्तात परत येत नाही. त्यामुळे एका दिवसाच्या उपवासानं मांडीतला किंवा छातीतला साठा रिकामा होत नाही.

जड वजनाचे तीन-चार रेप्स मारायला आठ-दहा सेकंद लागतात. एवढ्या वेळाची ऊर्जा मुख्यतः स्नायूंत तयार असलेल्या फॉस्फेटच्या साठ्यातून येते आणि तीन मिनिटं विश्रांती घेतली की तो साठा बहुतांशी पुन्हा भरतो. म्हणूनच एकादशीच्या दिवशीही माणूस नेहमीच्या जवळपास जाणारं वजन दोन-तीन वेळा उचलू शकतो. पंधरा-वीस रेप्सचे लागोपाठ सेट मारले, की ग्लायकोजेन भराभर खर्च होतं. फराळावर तो खर्च भरून निघत नाही. पहिल्या दिवशी ते कळत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जिना चढतानाही पाय जड वाटू लागतात.

दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. ताकद वाढवायला जेवढा व्यायाम लागतो, त्याच्या मानानं ती टिकवायला फार कमी लागतो. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना सोळा आठवडे वजनाचा व्यायाम दिला आणि नंतर बत्तीस आठवडे तो खूप कमी केला. आधीच्या एक तृतीयांश व्यायामावर तरुणांची आणि वयस्कांचीही ताकद मोठ्या प्रमाणात टिकून राहिली. मग नऊ दिवस सेट एक तृतीयांशावर आणले म्हणून वर्षभराची मेहनत वाया जाण्याची भीती उरत नाही. वजन मात्र नेहमीच्या जवळपास राहिलं पाहिजे, कारण ताकद टिकवण्याचा निरोप स्नायूला त्या वजनातूनच मिळतो.

एक उदाहरण

चोवीस वर्षांचा, 68 किलो वजनाचा तरुण घेऊ. त्याला कुठलाही आजार नाही. तो आठवड्यातून तीनदा जिमला जातो. स्क्वॉट 80 किलोचा, बेंच प्रेस 60 चा आणि डेडलिफ्ट 100 चा, प्रत्येकी पाच सेट, सेटमध्ये पाच रेप्स. शिवाय खांदे, पाठ आणि दंडाचे नऊ सेट. एकूण 24 सेट आणि सव्वा तास. नवरात्रात तो नऊ दिवस फराळ करतो, धान्य खात नाही, दूध, दही आणि पाणी चालतं.

त्यानं नऊ दिवसांत तीनच वेळा जिमला जावं: दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी. प्रत्येक वेळी एकूण आठच सेट. स्क्वॉट 72 ते 75 किलोवर दोन सेट, सेटमध्ये तीन-चार रेप्स. बेंच प्रेस 55 किलोवर दोन सेट. डेडलिफ्ट 85 ते 90 किलोवर एकच सेट, तीन रेप्सचा. पाठीसाठी रोइंगचे दोन आणि खांद्यांचा एक हलका सेट. दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटांची विश्रांती. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवावा, की अजून दोन रेप्स सहज झाले असते. वॉर्म-अप धरून अर्ध्या-पाऊण तासात त्याचं काम संपतं.

आठव्या दिवशी तेच वजन जड वाटलं तर आणखी दहा टक्के कमी करावं. हे ओळखायचं वॉर्म-अपमध्येच. नेहमी सहज वर जाणारा 50 किलोचा स्क्वॉट जर अडखळत, सावकाश वर येत असेल, तर त्या दिवशी जड सेट होणार नाहीत हे तिथेच ठरवावं. अशा दिवशी हलक्या वजनावर दोन सेट मारून घरी जाणं योग्य.

खाण्याची वेळ

उपवासातल्या व्यायामावरचा बराचसा अभ्यास रमजानच्या रोज्यांवर झालेला आहे. त्या उपवासात पाणीही नसतं, त्यामुळे नवरात्राशी तुलना जपूनच करावी लागते. तरी एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. थोड्या वेळाची जड मेहनत उपवासात फारशी बिघडत नाही. पुन्हा पुन्हा करायची दमदार मेहनत बिघडते आणि तीही दिवसाच्या शेवटी, उपाशी तास वाढल्यावर जास्त.

नवरात्रात पहाटे उठून, रात्रीपासून काही न खाता जिममध्ये जाणं ही सर्वांत वाईट वेळ. यकृताचा साठा तेव्हा उतरलेला असतो आणि रात्रीच्या आठ तासांत पाणीही पोटात गेलेलं नसतं. दिवसातून दोन-तीनदा फराळ करणाऱ्यानं दुपारी चारच्या सुमारास दोन केळी, वाटीभर दही आणि चार खजूर असं हलकं खावं. साडेपाच-सहाला व्यायाम करावा आणि मुख्य फराळ आरतीनंतर, साडेसात-आठला घ्यावा. असं केलं तर व्यायामाच्या आधी दोन तासांत थोडी साखर पोटात जाते आणि नंतर दोन तासांच्या आत प्रथिनं मिळतात.

आरतीनंतर एकदाच खाणाऱ्याला ही सोय नाही. त्यानं जड व्यायाम खाण्याच्या लगेच आधी ठेवावा, अर्ध्या तासाचा, वर सांगितलेल्यापेक्षाही कमी सेटचा. दिवसभर पाणी आणि ताक चालत असेल तरच. व्यायाम झाल्यावर आरती आणि लगेच फराळ. रात्री उशिरा खाऊन त्यानंतर जिमला जाण्यापेक्षा हे बरं, कारण झोप बिघडली तर दुसऱ्या दिवशी ना बाजारात ताकद राहते, ना बारखाली.

व्यायामाच्या आधी घाईघाईत प्लेटभर साबुदाण्याची खिचडी खाण्याची सवय अनेकांना असते. तेल-तूप आणि शेंगदाण्याच्या कुटामुळे ती पोटात बराच वेळ राहते. तासाभरात स्क्वॉटला खाली बसलं की ती घशाशी येते. खिचडी खायचीच असेल तर ती व्यायामाच्या तीन तास आधी किंवा व्यायामानंतर खावी.

साबुदाण्यात काय आहे आणि काय नाही

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात, प्रथिनं मात्र अर्धा ग्रॅमही नाहीत. खिचडीतली प्रथिनं येतात ती शेंगदाण्यातून. आपल्या उदाहरणातल्या तरुणानं दिवसभरात दोन प्लेट खिचडी, दोन कप चहा, दोन केळी आणि बटाट्याचे वेफर्स एवढंच खाल्लं, तर प्रथिनं जेमतेम 20 ग्रॅमपर्यंत जातात. पोट भरलेलं वाटतं आणि उपवास सोपा गेला असं वाटतं. नऊ दिवसांनी वजनकाट्यावर दोन किलो कमी दिसतात. त्यात पाण्याचा वाटा असतो, तसा स्नायूंचाही असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली सुचवलेलं प्रमाण किलोमागे 0.83 ग्रॅम आहे. 68 किलोच्या माणसाला ते रोज साधारण 56 ग्रॅम होतं. नियमित वजन उचलणाऱ्याला याहून जास्त प्रथिनांचा फायदा होतो, पण उपवासात निदान हा आकडा गाठणं शक्य आहे.

ते कसं, ते पाहू. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून 18 ग्रॅम. दीड-दोन मोठ्या वाट्या, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम दह्यातून 10 ग्रॅम. दोन मुठी, म्हणजे 60 ग्रॅम शेंगदाण्यांतून 15 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या भगरीतून 6 आणि पन्नास ग्रॅम राजगिऱ्यातून 7 ग्रॅम. एकूण 56. ज्यांच्या उपवासाला पनीर चालतं, त्यांनी 100 ग्रॅम घेतलं तर आणखी 18 ग्रॅमची भर पडते. रताळी, केळी आणि खजूर यांनी पिष्ट भरून निघतं. म्हणजे साबुदाणा एक वेळ आणि दुसऱ्या वेळी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही, एवढा बदलही पुरेसा आहे.

भगरीबाबत एक दक्षता हवी. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. दमट हवेत साठवलेल्या भगरीला आणि विशेषतः तिच्या पिठाला बुरशी लागते. सुटं पीठ विकत घेण्यापेक्षा बंद पाकिटातली भगर आणून, निवडून, लागेल तेवढीच घरी दळावी.

चक्कर येते ती कशामुळे?

उपवासात जिममध्ये कोणाला चक्कर आली की सगळे म्हणतात, "साखर कमी झाली." तंदुरुस्त तरुणात साखर एवढी खाली जाणं दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा कारण पाणी आणि मिठाचं असतं. आपल्याला दिवसभरात मिळणाऱ्या पाण्याचा बराच भाग भाजी, वरण आणि भात यांतून येतो, आणि मीठही त्यांतूनच. ते बंद झालं, घाम तेवढाच राहिला, की रक्ताचं आकारमान थोडं घटतं. जड वजन उचलताना आपण श्वास रोखतो. तेव्हा रक्तदाब एकदम चढतो आणि श्वास सोडताच घसरतो. पाणी कमी असेल तर तो जास्त घसरतो, आणि डेडलिफ्ट खाली ठेवून सरळ उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

यावर उपाय सोपा आहे. दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी आणि त्यात दोन ग्लास मीठ घातलेलं ताक. सैंधव हेही मुख्यतः सोडियमचंच मीठ आहे. त्यामुळे ताकात ते चालतं, पण रक्तदाबाच्या रुग्णानं 'उपवासाचं मीठ' म्हणून ते मोकळ्या हातानं घालू नये. अळणी उपवास करणाऱ्यानं जड सेट टाळावेत. हरतालिकेसारख्या निर्जळी उपवासाच्या दिवशी वजन उचलूच नये. एका दिवसानं काही बिघडत नाही.

पाणी पुरतं की नाही, हे रोज सकाळी दोन गोष्टींवरून कळतं. पहिली म्हणजे लघवीचा रंग: फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर पाणी कमी. दुसरी म्हणजे वजन. शौचाहून आल्यावर, काही न खाता रोज त्याच काट्यावर पाहावं. कालच्यापेक्षा दोन टक्क्यांनी, म्हणजे 68 किलोच्या माणसात सव्वा किलोहून जास्त घट दिसली, तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्या दिवशी जड व्यायाम नको.

तरीही अंधारी आलीच, तर बार खाली ठेवून लगेच आडवं व्हावं आणि पाय उंचावर ठेवावेत. उठून चालण्याचा प्रयत्न करू नये. हात थरथरणं, थंड घाम, छातीत धडधड आणि बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं असतील तर साखर खाली गेल्याची शक्यता धरून, शुद्धीवर असेल तरच, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरं न वाटल्यास दवाखाना गाठावा. बेंच प्रेस आणि डोक्यावर वजन नेणारे प्रकार या दिवसांत एकट्यानं करू नयेत.

पोतं कमी करता येत नाही

जिममध्ये बारवरची तबकडी काढता येते, बाजारातल्या पोत्याचं वजन मात्र ठरलेलं असतं. हमाली करणाऱ्या उपवासकऱ्याचा प्रश्न म्हणून जास्त अवघड आहे. तिथेही तत्त्व तेच: वजन कमी होत नसेल तर सलग खेपा कमी कराव्यात. आठ-दहा खेपांनंतर पाच मिनिटं सावलीत बसावं, पाणी किंवा ताक प्यावं, आणि थप्पी लावताना वरची पोती दोघांनी मिळून उचलावीत. संध्याकाळच्या एकाच फराळावर राहणाऱ्यानं उन्हातली चढ-उतार शक्यतो सकाळी उरकावी. आणि दिवसभर हमाली झाली असेल, तर त्या संध्याकाळचा जिमचा व्यायाम झालाच असं समजावं.

अंग दुखतं म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय मात्र या दिवसांत घातक ठरते. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उपाशी पोटी जठराला इजा करतात, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावरही ताण आणतात. खूप मेहनतीनंतर लघवी चहासारखी तपकिरी झाली आणि स्नायू सुजून कडक झाले, तर ते स्नायू तुटल्याचं लक्षण आहे. अशा वेळी उपवास सोडून त्याच दिवशी रुग्णालयात जावं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना वरचं काहीही जसंच्या तसं लागू होत नाही. उपवास आणि व्यायाम एकत्र आले की त्यांची साखर खरोखरच धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. नवरात्राच्या आठवडाभर आधीच त्यांनी औषधांचं प्रमाण आणि वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी उपवासात जड वजन उचलू नये.

दसऱ्यानंतर

दसऱ्याला श्रीखंड-पुरी पोटभर होते आणि त्याच संध्याकाळी अनेक जण नऊ दिवसांची भरपाई करायला जिममध्ये जातात. स्नायूंचा साठा पुन्हा भरायला नेहमीचं जेवण एक-दोन दिवस तरी मिळावं लागतं. आपल्या तरुणानं दसऱ्याला विश्रांती घ्यावी. त्यानंतरच्या पहिल्या दिवशी नेहमीच्या वजनावर बारा-चौदा सेट, दोन दिवसांनी अठरा, आणि तिसऱ्या वेळी पूर्ण 24. पहिल्याच दिवशी 80 किलोचा स्क्वॉट पाच वेळा नीट वर आला, तर नवरात्रातलं गणित बरोबर होतं असं समजावं. तो आला नाही आणि वजनही दोन किलोनं कमी असेल, तर पुढच्या नवरात्रात ताटातलं दही, दूध आणि शेंगदाणे वाढवायला हवेत.